रूटच्या टोपलीतला चारशे बारा नंबर

उज्ज्वला सकाळी नऊला कडोदऱ्याच्या साडी-छपाई युनिटमध्ये पोचली, तेव्हा कॉम्प्युटरच्या गळ्यात झेंडूचा हार होता. कॉम्प्युटरचा गळा नेमका कुठे, हे पंडितमामांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मॉनिटर आणि त्याच्या बैठकीच्या मधली फट म्हणजे गळा. डोक्यावर सुपारी, कपाळावर हळदकुंकू आणि प्रिंटरसमोर नारळ. खंडेनवमी होती. खाली छपाईखात्यात कात्र्या, पाने, स्क्रूड्रायव्हर, रंगाचे डाव घासूनपुसून पाटावर मांडले होते. अमळनेरहून सुरतेत येऊन वीस वर्षं झालेल्या माणसाकडून यापेक्षा कमी भक्तीची अपेक्षा नव्हती, म्हणून उज्ज्वलाला हाराचं काही वाटलं नाही.

वाटलं ते माउस पाहून. माउस टेबलाशेजारच्या छोट्या पाटावर होता, कात्रीच्या शेजारी, ओला. त्याच्या शेपटीतून थेंब थेंब पाणी गळत होतं.

"मामा," ती म्हणाली, "हे काय आहे?"

"उंदीर," पंडितमामा म्हणाले. ते साड्यांच्या रंगखात्याचे मुकादम. उज्ज्वलाच्या गावचे, म्हणून मामा. "रिठाना पानीमा धुयना मी. केवढा मळ निंघना पोरी! पोटमा गोळी व्हती एक, ती बी घासी लिधी."

रिठ्याच्या पाण्यात माउस धुणारा माणूस जगात एकच असेल आणि तो आपल्याच गावचा निघावा, याचा उज्ज्वलाला संताप आला. पण तो पुढे येणाऱ्या संतापाच्या मानाने अगदीच किरकोळ होता. माउस नवा आणता येतो. तिने कीबोर्डवरची हळद फुंकली, लॉगिनच्या चौकोनात आपलं नाव टाकलं, डोळे मिटून पासवर्ड टाकला. डेस्कटॉप आला. बाण पडद्याच्या मधोमध उभा राहिला आणि तिथेच राहिला.

"मामा, तुम्ही फक्त बाहेरूनच साफ केलं ना?"

मामांच्या चेहऱ्यावर अभिमान पसरला.

"आतून बी करं," ते म्हणाले. "डबा बाहेरतून घासी काय फायदा? मधमा केवढा कचरा व्हता! सगळा डबा उघाडात, मधलं ओती दिधं त्या टोपलीमा. डबा जागवरच शेतंस, पाही ले. चकचकीत."

उज्ज्वलाने Ctrl, Alt आणि F1 एकदम दाबलं. चित्रांचा पडदा गेला, काळा आला, आणि काळ्यावर पांढऱ्या अक्षरात लॉगिन. तिथे माउसची गरज नसते. ती आत शिरली आणि तिने आपल्या फोल्डरमध्ये काय आहे ते विचारलं:

ls -l /home/kaam/ujjwala

total 0

डबा, म्हणजे तीच फोल्डर, जागेवर होता, आत मात्र एकही फाइल नव्हती. चकचकीत.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे उज्ज्वलाला नेमका किती राग आला हे कळेल. पाच महिन्यांपूर्वीपर्यंत ती याच युनिटच्या घडीखात्यात होती. घडीखातं म्हणजे एका लांब खोलीत पंचवीस बायका, जमिनीवर बसून दिवसभर साड्यांच्या घड्या घालणार, संध्याकाळी पाठ सरळ करायला भिंत शोधणार. तिथून ती वर आली ती शेठच्या पुतण्यामुळे. हा ललित एका मासिकासोबत फुकट आलेल्या सीडीवरून कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून बसला होता, आणि पुढे काय करायचं हे त्याला सुचत नव्हतं. उज्ज्वलाला सुचलं. गोडादऱ्यातल्या घरी आईच्या डोळ्यांदेखत चाळीस पानी झेरॉक्स पुस्तिका पाठ करून तिने गिम्प नावाच्या प्रोग्रामवर साडीचं डिझाइन काढायला आणि त्याचे रंग वेगळे करायला शिकून घेतलं. शेठ धनसुखभाईंनी तिला वर बसवलं, पण दिवाळीपर्यंतच्या अटीवर आणि त्यांच्या स्टाइलने. "दिवाळी सुधी ट्रायल. जबलपूरवाळा पार्टी पास करे तो खुर्ची तारी. नहीं तो नीचे घडी मां."

जबलपूरची पार्टी, म्हणजे घाऊक गिऱ्हाईक, आज अकराला येणार होती. दीडच्या गाडीने परत. पार्टीला दाखवायचं डिझाइन म्हणजे चारशे बारा नंबर. पदरावर कैऱ्या, सहा रंग, एकोणीस दिवसांचं काम. शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमारास तिने ते सेव्ह केलं, छपाईची फाइल तयार करून ठेवली आणि रविवारी दिवसभर घरी झोपली. एवढाच तिचा गुन्हा.

"मामा, त्या टोपलीत चारशे बारा होता."

"कोठे गयं मग? टोपलीमाच शे ना!"

हे मात्र खरं असू शकत होतं. म्हणून उज्ज्वलाने त्यांचा गळा धरला नाही, आणि हार ओढून तोडायचा विचारही पुढे ढकलला. टर्मिनलवर, म्हणजे या काळ्या पडद्यावर, कुणी rm मारलं असतं तर गोष्ट संपली होती. ते टोपलीत वगैरे काही टाकत नाही, थेट पुसतं. पण मामांना rm येत नव्हतं, त्यांना फक्त ओढून टाकणं येत होतं, आणि अज्ञानाचा जगात कुणाला तरी फायदा होतोच. डेस्कटॉपवरची ती टोपली म्हणजे जादू नव्हे. ती एक साधी फोल्डर असते, ज्याची त्याची, ज्याच्या त्याच्या घरात. तिने बोटं आपटली:

ls -l ~/desktop/trash

No such file or directory, असं उत्तर आलं. अशी फाइल नाही, अशी फोल्डर नाही. मामांनी मान पुढे घातली. "काय म्हणस?"

"म्हणतंय तुम्ही घरी जा."

मग तिला उमगलं. रागाच्या भरात तिने सगळं लहान लिपीत मारलं होतं. लिनक्सला मोठं डी आणि लहान डी ही दोन वेगळी माणसं वाटतात, आणि राग आलेल्या मुलीचीही तो गय करत नाही.

ls -l ~/Desktop/Trash

total 0

"रिकामी आहे," ती म्हणाली. आवाज इतका शांत होता की पाटावर उदबत्ती लावायला आलेली तारा दारातच थबकली. तारा पार्सलवर चिकटवायच्या पत्त्यांचं काम बघायची. मूळची परभणीची, आणि भांडण कुठे होणार हे तिला आधी कळायचं.

"टोपली रिकामी केली का तुम्ही? मामा, खरं सांगा. त्या टोपलीवर उजवं बटण दाबून Empty म्हणून काही दाबलंत?"

"गजानन महाराजनी आन," मामा म्हणाले. "पूजाना दिन कचरा रिकामा करतस का कोनी? लक्ष्मी जास."

म्हणजे कचरा टोपलीत भरायचा, पण बाहेर फेकायचा नाही. हे शास्त्र तिने पहिल्यांदाच ऐकलं, आणि ते कुणी लिहिलं असेल त्याचे आभार मानायला तिच्याकडे वेळ नव्हता. साडेनऊ झाले होते.

"काय म्हणता, ताई?" तारा आत आली. "माझे पत्ते? माझे पत्ते पण टाकले यांनी?"

"सगळ्यांचं टाकलं. कुणावर अन्याय नाही केला."

"अहो मामा, दोनशे पार्ट्या! दोनशे पत्ते! आता साडी कुठं पाठवायची, देवाला?"

"डबा शे ना तुना. जागवर शे," मामा म्हणाले, आणि हा युक्तिवाद दुसऱ्यांदा मांडताना त्यांचा स्वतःवरचा विश्वास थोडासुद्धा कमी झाला नाही.

उज्ज्वलाने खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोरासमोर बसली. "मामा, कॉम्प्युटर उघडला तेव्हा नाव काय टाकलंत?"

"मनंच टाकं पयले. पंडित."

तिने वळून मारलं: ls -l /home/pandit/Desktop/Trash. Permission denied. दुसऱ्याच्या घरात डोकवायला परवानगी नाही. युनिटमध्ये सभ्यपणा शिल्लक असलेली ती एकमेव जागा.

"पयले म्हणजे? नंतर?"

मामांनी पाटावरची पुसलेली कात्री परत पुसायला घेतली.

"मामा!"

"मना नावघाई कचरा निंघी नही ऱ्हायंता," ते पुटपुटले. "तुना डबाले हात लावा तं इंग्रजीमा वरडस. मंग मी ललितभाईले फोन करा, तो म्हने रूट टाक. रूटले कोनी नही म्हनत नही."

तारा खुर्चीच्या हातावर बसली. उज्ज्वला बसलेलीच होती, नाहीतर तीही बसली असती. कॉम्प्युटर या माणसाला ओरडून ओरडून सांगत होता की बाबा रे, ही तुझी वस्तू नाही, हिला हात लावू नकोस. आणि ललितने त्याला मालकाची किल्ली दिली. फोनवर. बहुधा अर्ध्या झोपेत.

तिने ललितला फोन लावला. त्याच्या आईने उचलला. ललित पहाटे चारपर्यंत गरबा खेळून आला आहे, दुपारी दोनच्या आत उठणार नाही आणि उठवलं तर जेवणार नाही, असं तिने ममतेने सांगितलं. उज्ज्वलाने फोन ठेवला तो असा की टेबलावरचा नारळ एक फेरी फिरून थांबला.

पण राग किती का असेना, डोकं चालत होतं. मामा रूट झाले होते, म्हणजे टोपलीही रूटची. रूटचं घर बाकीच्यांसारखं /home मध्ये नसतं, ते /root मध्ये वेगळं असतं, शेठच्या केबिनसारखं. चारशे बारा तिथे पडला असणार.

"पासवर्ड काय, मामा?"

"नही सांगाऊ."

"काय?"

"ललितभाईनी आन घालेल शे. कोनले सांगू नको म्हने. मी टाकी दीन, सांगाऊ नही. आनि पोरी, पूजा व्हयेल हत्यार शे ते, आज त्याले हात लावाना नसतो."

"मामा," उज्ज्वला म्हणाली, "मी अकरा वाजता घडीखात्यात जाणार. तुमच्या पोरीचं लग्न होईल, नातवंडं होतील, तरी मी तिथेच घड्या घालत बसेन. आणि तुमच्या घरची प्रत्येक साडी उलटी घडी करून पाठवेन. टाका."

रूट व्हायला तिने su - मारलं आणि उठून जागा दिली. मामा हात धुऊन आले. खुर्चीला नमस्कार केला. एका बोटाने, दर अक्षरापूर्वी कीबोर्डवर घिरट्या घालत, ओठ हलवत त्यांनी पासवर्ड टाइप करायला घेतला. आण पाळायची म्हणून ते मनातल्या मनात म्हणत होते, पण मामांचं मन जरा मोठ्या आवाजाचं होतं. "ए... हां, हाई एम... बी... परत ए..."

"काही उमटी नही ऱ्हायनं," ते म्हणाले. "बिघडी गयं."

"उमटत नसतं! पासवर्ड दिसत नसतो!"

"मंग माले कसं समजी मी काय टाकं?"

हा प्रश्न इतका रास्त होता की त्याचाच सगळ्यात जास्त राग आला. मामांनी खात्रीसाठी प्रत्येक अक्षर दोनदा दाबलं. su: incorrect password. परत. या वेळी मध्ये हळदीचा खडा अडकलेलं बटण चार वेळा गेलं. incorrect. तोवर तो पासवर्ड उज्ज्वलाला पाठ झाला होता, तारालाही झाला होता, आणि उदबत्तीची काडी मागायला आलेल्या किसन वॉचमनलाही. उज्ज्वलाने मामांना खुर्चीसकट बाजूला सरकवलं आणि स्वतः मारला. समोर # आलं. रूट.

"तुले कसा ठाऊक?" मामा थक्क.

"अंबेमाँनी सांगितला," ती म्हणाली, आणि ते अर्धं खरंच होतं.

ls -l /root/Desktop/Trash

पडदा धावायला लागला. ओळीमागून ओळ, ताराची पत्त्यांची फाइल, शेठची पत्रं, ललितच्या गाण्यांच्या असंख्य फाइली, सगळं एका ढिगात. मामांनी डबे नीट ठेवले होते, पण आतलं सगळं एकाच बादलीत ओतलं होतं, आणि कोणतं कुठल्या डब्यातलं याची नोंद ती टोपली ठेवत नव्हती. तारा "अगं बाई" एवढंच म्हणाली. उज्ज्वलाने ls -l च्या ओळी नीट पाहिल्या. प्रत्येक ओळीत मालकाचं नाव होतं. हलवणारा कुणी का असेना, वस्तू ज्याची त्याचीच राहिली होती. तिने फक्त आपल्या नावाच्या ओळी मागवल्या:

ls -l /root/Desktop/Trash | grep ujjwala

नऊ ओळी. आणि त्यांत, ऑक्टोबर सोळा, सहा बावन्न, चारशे बारा. गिम्पची फाइल, छपाईची फाइल, रंगांच्या नोंदीची फाइल. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. जागाच नव्हती, सगळी रागाने भरलेली होती.

mv /root/Desktop/Trash/412* /home/kaam/ujjwala/

मशीन काहीच बोललं नाही. लिनक्सचं काम नीट झालं की ते गप्प बसतं. मामांनी यातून शिकण्यासारखं पुष्कळ होतं. बाकीच्या सहा फाइलींची नावं घालून तिने त्याही नेल्या, ls ने खात्री केली, exit मारून रूटमधून बाहेर आली. दहा चाळीस. माउस नव्हता, पण छापायला माउस कुणी मागितला होता?

lpr /home/kaam/ujjwala/412.ps

प्रिंटर घरघरला. त्याच्या ट्रेवर मामांनी ठेवलेली सुपारी कागदाबरोबर आत ओढली जाता जाता तिने हिसकावून घेतली आणि न बघता मागे फेकली. ती किसनला लागली. किसनने प्रसाद समजून खिशात टाकली.

कागद इंचाइंचाने बाहेर येत असताना धनसुखभाई पार्टीला घेऊन वर आले. धनसुखभाई खास सुरती, म्हणजे शिवी हे त्यांच्याकडे विरामचिन्ह होतं, त्याचा कुणी अर्थ लावत नसे, फक्त वाक्य कुठे संपलं ते कळे. पार्टी गोरी, गोल, गळ्यात चष्मा. पार्टीने कागद उचलला, खिडकीपाशी नेला आणि बघत राहिली.

उज्ज्वलानेही पाहिला, आणि तिच्या कानांतून वाफ निघाली. मधल्या कैरीच्या ऐन पोटात एक लालभडक ठिपका. कुंकू. मामांनी कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यालाही लावलं होतं, आणि सगळ्यात वरच्या कागदावर अंगठा जरा जोरात टेकवला होता.

"शेठ, तो डाग..." ती म्हणाली.

"ये लाल," पार्टी म्हणाली, "ये किसने डाला?"

मामांनी नमस्कार केला. कुणाला, ते कळलं नाही.

"छह रंग तो सब देते हैं। ये जो सातवाँ टपका है न, बीच में, जैसे दुल्हन का माथा। ये हमारे यहाँ चलेगा। ऐसा हर कैरी में चाहिए।"

"पंडितभाईनो हाथ छे!" धनसुखभाई आनंदाने पूर्णविराम देत म्हणाले. "वीस बरसथी रंगखाता मां छे!"

एकोणीस दिवस. तेहेतीस कैऱ्या. प्रत्येकीची नस न् नस वेगळी. आणि पास झाला तो मामांचा अंगठा. उज्ज्वलाने टेबलाची कड इतकी घट्ट धरली की सनमायका कुरकुरला. मामा तिच्याकडे बघून प्रेमाने म्हणाले, "देख पोरी, पूजानं फळ."

पार्टी चहा घेऊन गेली. पास. धनसुखभाई परत वर आले, खुर्चीकडे बघितलं, उज्ज्वलाकडे बघितलं. "बेन, पास तो थयुं. पण डिझाइन मां पंडितभाईनो बी भाग. विचारुं छुं, हवे बे जण बेसो. एक तू, एक पंडितभाई. खुर्ची एकज छे, तो वारी वारी."

आळीपाळीने. चारशे बारा घालवणारा आणि चारशे बारा आणणारी, दोघांनी आळीपाळीने. तिने तोंड उघडलं, आणि त्यातून काय निघालं असतं ते धनसुखभाईंच्याही विरामचिन्हांत बसलं नसतं. पण ताराच आधी बोलली.

"शेठ, ते सगळं राहू द्या. माझ्या दोनशे पत्त्यांच्या फाइलीचं काय? तुमच्या पत्रांचं काय? सगळं त्या रूटच्या टोपलीत एकत्र पडलंय. कुणाचं कुठलं, काही ओळखू येत नाही."

"मारा लेटर?" धनसुखभाईंचा चेहरा बदलला. "मारा लेटर कचरा मां?"

त्यांनी मामांकडे बघितलं. मामा म्हणाले, "डबा जागवर शे, शेठ." तिसऱ्यांदा.

यानंतर धनसुखभाईंनी जे वाक्य उच्चारलं त्यात नुसती विरामचिन्हंच होती.

"कोण काढशे?" ते शेवटी म्हणाले. "पंडित? तू काढशे?"

मामांनी ओल्या माउसकडे पाहिलं. किसनने खिशातल्या सुपारीवर हात ठेवला. उज्ज्वलाने शांतपणे su - मारलं, पासवर्ड टाकला, ls /root/Desktop/Trash | wc -l. आकडा आला: दोनशे अकरा.

तिला माहीत होतं की मालकाच्या नावाने वेगळं करून पाच मिनिटांत सगळं जागेवर जाईल. ताराच्या नावाची एक आज्ञा, शेठच्या नावाची एक, ललितच्या नावाची एक. चहा गार व्हायच्या आत.

"काढेन मी," ती म्हणाली. "पण एकेक तपासून काढावं लागतं, शेठ. यात जागा लिहिलेली नसते. घाईत कुणाचं पत्र कुणाच्या डब्यात गेलं तर? तोवर या मशीनला दुसऱ्या कुणी हात लावला, की सगळं गेलं."

"कोई हाथ नहीं लगावे!" धनसुखभाई गरजले. "पंडित, नीचे! बेन, केटला दिवस?"

उज्ज्वलाने पडद्याकडे बघितलं. अजून तिचे कान गरम होते. शेठची पत्रं आज, ताराचे पत्ते उद्या, एवढं ती करणार होती, ती काही राक्षस नव्हती. बाकीची सगळी ललितची गाणी होती, आणि ती निघेपर्यंत खुर्चीवर दुसरं कुणी बसणार नव्हतं.

"दोनशे अकरा आहेत," ती म्हणाली. "रोज एक निघते."